बँकेचं परिपत्रक ग्रुपवर टाकताना आधी 'कुणाला लागू' ते लिहा

प्रश्न: "पेन्शनर संघाच्या ग्रुपवर बँकेचं दोन पानी परिपत्रक आलंय, हयातीच्या दाखल्याचं. मी बाण, फुलं, ठळक अक्षरं सगळं टाकून मेसेज केला तरी दिवसभर फोन चालूच. साध्या चार ओळींत कसं लिहायचं?"

वाचून हसू आलं आणि वैतागही आला, कारण आमच्याकडे दर ऑक्टोबरात हेच. मी काही तज्ज्ञ नाही, ग्रुपचे मेसेज टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलंय एवढंच, तेव्हा पटेल ते घ्या.

संदर्भ, जावक क्रमांक, 'उपरोक्त विषयान्वये' हे सगळं काढायचं ते तुम्हाला माहितीच असेल. खरी गोची वेगळीच होते. मेसेज छोटा करताना लोक पहिल्या झटक्यात 'तथापि'ची ओळ उडवतात, आणि फोन येतात ते नेमके त्याच ओळीमुळे.

आमच्या इथल्या एका ऑफिसनं (नाव घेत नाही) असंच केलं होतं. मूळ कागदावर स्वच्छ लिहिलेलं की केंद्रीय निवृत्तिवेतनधारक व कुटुंब निवृत्तिवेतनधारकांनी दि. १ ते ३० नोव्हेंबर या काळात दाखला द्यावा, तथापि ८० वर्षे व त्यावरील व्यक्तींना १ ऑक्टोबरपासून देता येईल. त्यांनी मोबाइलवर काय पाठवलं, तर 'सर्व पेन्शनर बंधू-भगिनींनी ३० नोव्हेंबरपर्यंत हयातीचा दाखला द्यावा', पुढे हात जोडलेली चित्रं आणि दोन गुलाब. झालं, आमच्या ग्रुपात निम्मे लोक ईपीएस-९५ वाले, म्हणजे कंपनीतून रिटायर होऊन पीएफ ऑफिसची पेन्शन घेणारे. त्यांना नोव्हेंबरचं बंधनच नाही, वर्षात कधीही दाखला दिला की तिथून पुढे बारा महिने चालतो. जुलैमध्ये दाखला देऊन मोकळे झालेले आमचे शेजारचे काका परत रांगेत जाऊन उभे, आणि त्याच रांगेत मागे ८४ वर्षांच्या एक आजी, ज्यांचं काम ऑक्टोबरात रिकाम्या शाखेत पाच मिनिटांत झालं असतं. मी त्या ऑफिसात जाऊन सांगितलं की अहो मेसेज दुरुस्त करून पाठवा, तर उत्तर काय, 'मूळ परिपत्रकात सगळं आहे, लोकांनी वाचायला नको का?' मग मेसेज पाठवलाच कशाला!

म्हणून माझी पद्धत अशी. परिपत्रक हातात घ्यायचं, पेन्सिलीनं फक्त तथापि, मात्र, वगळून, अन्यथा या शब्दांखाली रेघ मारायची. ही वाक्यं मेसेजमध्ये आलीच पाहिजेत, बाकी काही गाळा. दुसरं म्हणजे 'या परिपत्रकाच्या दिनांकापासून १५ दिवसांत' असं असेल तर ते जसंच्या तसं टाकू नका, मोजून तारीख लिहा. नाहीतर मेसेज ज्याला जेव्हा मिळतो तेव्हापासून तो पंधरा दिवस मोजतो.

वरच्याच परिपत्रकाचा मेसेज मी असा केला:

हयातीचा दाखला: केंद्र सरकारी पेन्शनर आणि फॅमिली पेन्शनर
- मुदत १ ते ३० नोव्हेंबर
- वय ८० किंवा जास्त असेल तर १ ऑक्टोबरपासून देता येतो
- शाखेत जाऊन द्या किंवा मोबाइलवर जीवन प्रमाण ॲपमधून
- आधार कार्ड, पीपीओ नंबर, पासबुक जवळ ठेवा
- दिला नाही तर डिसेंबरपासून पेन्शन थांबते, दिल्यावर मागच्यासकट सुरू होते
- ईपीएस-९५ वाल्यांना ही मुदत नाही, त्यांचा दाखला दिल्यापासून एक वर्ष चालतो
मूळ परिपत्रक खाली जोडलं आहे

यातली शेवटून दुसरी ओळ बँकेच्या कागदावर नव्हतीच, ती मी घातली, कारण आमचा ग्रुप मिसळ आहे. तुमच्यात फक्त सरकारी असतील तर काढून टाका. मात्र जे कागदावर नाही ते घालताना खात्री करूनच घाला, 'म्हणे' वर नको. राज्य सरकारी, एलआयसी वगैरे लोक असतील तर त्यांचे नियम त्यांच्या ऑफिसला विचारा, मी त्यावर बोलत नाही.

पहिल्या ओळीबद्दल मी जरा हट्टी आहे. फोन लॉक असताना वर मेसेजची सुरुवातच तेवढी दिसते. तिथं 'सप्रेम नमस्कार, सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की' लिहिलं की माणसाला वाटतं सकाळच्या शुभेच्छा आल्या, नंतर बघू. मेसेज फार लांबला की व्हॉट्सॲप तो मध्येच कापून 'आणखी वाचा' दाखवतं, आणि कापलेल्या भागातच ८० वर्षांची ओळ असते, नशीब आपलं.

सजावटीचं म्हणाल तर सौंदर्याचा प्रश्न नाहीये. आमच्यातल्या एका काकांना दिसत नाही, त्यांचा फोन मेसेज वाचून दाखवतो, तो प्रत्येक चित्राचं नावही वाचतो, म्हणजे तारीख यायच्या आधी त्यांना गुलाब, गुलाब, जोडलेले हात असं ऐकावं लागतं. ठळक करायला दोन बाजूंना टाकलेल्या चांदण्या व्हॉट्सॲपमध्ये ठीक दिसतात, पण कुणी तोच मजकूर साध्या एसएमएसमध्ये चिकटवला की चांदण्या तशाच उरतात. ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ आणि एक स्पेस द्या, बास. नव्या व्हॉट्सॲपवर तिचा गोल ठिपका होतो, जुन्यावर किंवा एसएमएसमध्ये रेघच राहते, दोन्हीकडे वाचता येतं.

एसएमएसवरून आठवलं, तुमच्यातल्या साध्या फोनवाल्यांना पाठवायचं असेल तर मराठी एसएमएस ७० खुणांचा असतो, इंग्रजीसारखा १६० चा नाही. त्यात काना, मात्रा, अनुस्वार, मोडलेला पाय, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'नोव्हेंबरपर्यंत' हा एकच शब्द १५ खुणा खातो! त्यामुळे तिथं वरचा मेसेज एका एसएमएसमध्ये मावणार नाही, त्यांना फक्त कुणाला, तारीख आणि चौकशीचा नंबर. नंबर इंग्रजी आकड्यांत लिहा म्हणजे वयस्कर माणसाला डायल करताना घोळ होत नाही.

अजून एक डोकेदुखी म्हणजे पीडीएफमधून मजकूर कॉपी करणं. परिपत्रक जुन्या फॉन्टात टाइप केलेलं असेल तर चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला येतो, आणि युनिकोडमध्ये असलं तरी कधीकधी वेलांट्या जागा सोडून बसतात. दुरुस्त करत बसण्यापेक्षा पाच ओळी हातानं टाइप केलेल्या बऱ्या. आकडे मात्र टाइप केल्यावर मूळ कागदाशी बोट ठेवून पडताळा.

चूक राहिलीच तर व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटांत एडिट करता येतं, पण तोवर कुणी पुढे ढकलला असेल तर ती प्रत बदलत नाही. तेव्हा नवा मेसेज टाकताना पहिल्याच ओळीत 'दुरुस्त, ५ ऑक्टोबर' अशी तारीख घाला, म्हणजे दोन मेसेज समोर आले की कुठला धरायचा ते कळतं. आमच्या त्या ऑफिसनं तेवढंही केलं नाही, त्यांचा गुलाबवाला मेसेज अजून दरवर्षी कुठून तरी फिरत येतो, आणि त्यावर तारीख नसल्यामुळे दरवर्षी नवा वाटतो.