रडू द्यायचं की वेळ सरकवायची?

ताई, रात्री झोपवताना बाळ रडतं, तर त्याला रडू द्यावं का, असं विचारलंत. बाळ सहा महिन्यांचं झालंय आणि वजन नीट वाढतंय, तर आधी झोपेची वेळ सरकवून बघा. माझी मुलगी साडेसातला पाळण्यात ठेवली की साडेआठपर्यंत रडायची. तिला खरी झोप साडेआठलाच येत होती, म्हणून मी तिला तेव्हाच ठेवायला लागले, डोळे जड पण जागी असताना. सकाळी उठवण्याची वेळ मात्र रोज तीच. पंधरा मिनिटांत झोपायला लागल्यावर दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणलं. दोनेक आठवडे लागले. पुन्हा जागी राहायला लागली, की समजायचं घाई झाली. एक पायरी मागे.

रडू देण्याची पद्धत बहुधा लवकर लागू पडते, आणि २०१६ मधल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात वर्षभरानंतर दोन्ही पद्धतींच्या बाळांच्या आईशी असलेल्या ओढीत फरक दिसला नव्हता. अडचण वेगळीच आहे. चाळीस मिनिटं रडू देऊन शेवटी उचलून झोपवलं, तर बाळ तेवढं रडायलाच शिकतं. घरात सगळ्यांची तयारी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. ताप असेल तर दोन्ही थांबवा.