आधी सगळं लाखात आणा, मग तुलना करा

प्रश्न: मुंबईची लोकसंख्या १.२४ कोटी आणि लंडनची ८.८ मिलियन असं वाचलं. म्हणजे लंडन मोठं का? लाख-कोटी आणि मिलियनचा हिशेब माझा दर वेळी चुकतो. भारतातली आणि परदेशातली शहरं नीट कशी ताडून पाहायची?

मुंबई मोठी, आणि थोडीथोडकी नाही, जवळपास ४१ टक्क्यांनी. १.२४ कोटी म्हणजे १२४ लाख. ८.८ मिलियन म्हणजे ८८ लाख. झाला हिशेब. पण दर वेळी चुकतं असं तुम्ही म्हणताय, तेव्हा ते कुठे चुकतं ते जरा सविस्तर सांगतो. मी बातम्यांच्या डेस्कवर काम करतो. परदेशी वृत्तसंस्थांच्या बातम्यांतले मिलियन-बिलियन लाख-कोटीत आणायचं काम रोजच असतं, आणि चुका जवळजवळ नेहमी त्याच दोन-तीन जागी होतात.

पहिली जागा म्हणजे दहाचा आकडा. १० लाखांचं एक मिलियन होतं आणि १० मिलियनचा एक कोटी होतो. म्हणजे लाखाचं मिलियन करायला दहाने भागायचं, आणि मिलियनचे कोटी करायलाही दहानेच भागायचं. मिलियन मधोमध बसलंय आणि दोन्हीकडे दहाचीच पायरी आहे. त्यामुळे ‘दहाने काहीतरी करायचं’ एवढंच लक्षात राहतं; गुणायचं की भागायचं, आणि उत्तर लाखात येणार की कोटीत, ते घाईत निसटतं. ८.८ ला दहाने गुणून ८८ आले आणि त्यापुढे लाखाऐवजी कोटी लिहिलं, तर चूक दहापट होत नाही, शंभरपट होते.

म्हणून माझी पद्धत अशी: कोटीकडे थेट जायचंच नाही. दोन्ही आकडे आधी लाखात आणायचे. मिलियन असेल तर दहाने गुणा, कोटी असेल तर शंभराने गुणा. दोन्ही वेळा गुणाकारच, भागाकाराचा प्रश्नच नाही. लंडन ८.८ गुणिले १०, म्हणजे ८८ लाख. मुंबई १.२४ गुणिले १००, म्हणजे १२४ लाख. आता दोन्ही आकडे एकाच मापात आहेत, तुलना करून टाका. छापताना १२४ लाख बरं दिसत नाही, तिथे शेवटी १.२४ कोटी करा. पण ते अगदी शेवटी. बिलियन आलं तर मात्र लाखाच्या वाटेला जाऊ नका, ते थेट शंभराने गुणून कोटीत आणा: १.२१ बिलियन म्हणजे १२१ कोटी, २०११च्या जनगणनेतला आपला देश.

उत्तर बरोबर आलं की नाही, हे कळायला एखाद-दुसरा आकडा डोक्यात असलेला बरा. २०११ला अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती. सगळं युनायटेड किंगडम मिळून २०२१ला साधारण ६.७ कोटी. आता कुणी लंडनचे ८.८ कोटी लिहून आणले, तर शहर देशापेक्षा मोठं झालं! अशी चूक शोधायला कॅल्क्युलेटर लागत नाही. दुसऱ्या टोकाला कुणी ८.८ लाख लिहिले, तर लंडन नाशिकपेक्षा लहान ठरतं, कारण नाशिक महापालिकेतच २०११ला १४.८६ लाख माणसं होती.

दुसरी जागा स्वल्पविरामाची. पूर्ण आकडा समोर असला की खरं तर काहीच रूपांतर करायचं नसतं, कारण अंक तेच राहतात, फक्त स्वल्पविराम सरकतात. तरीही माणसं इथेच फसतात. लंडनचा २०२१च्या जनगणनेतला आकडा इंग्रजी कागदावर ८,७९९,८०० असा छापलेला असतो. आपल्या डोळ्याला पहिल्या स्वल्पविरामाच्या डावीकडे लाख किंवा कोटी बघायची सवय असते, म्हणून तो ‘आठ लाख...’ असा वाचला जातो. इथे वाचायचा प्रयत्नच करू नका. सगळे स्वल्पविराम पुसा: ८७९९८००. मग उजवीकडून तीन अंक सोडून पहिला स्वल्पविराम द्या, आणि पुढे दर दोन अंकांनी. ८७,९९,८००. सत्त्याऐंशी लाख नव्व्याण्णव हजार आठशे. मुंबईचं तसंच, फक्त उलट बाजूने: आपला १,२४,४२,३७३ परदेशी वाचकाला १२,४४२,३७३ असा द्यायचा. नुसते अंक मोजले तरी अंदाज येतो. सात अंक म्हणजे दहा लाख ते एक कोटीच्या आतलं शहर, आठ अंक म्हणजे कोटीच्या वरचं.

एक्सेलमध्ये लांबलचक यादी असेल आणि संगणकाची मांडणी परदेशी असेल, तर सेलच्या कस्टम फॉरमॅटमध्ये हे टाकलं की स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडतात. आकडा बदलत नाही, दिसणं बदलतं:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

युरोपातल्या कागदांची आणखी एक गंमत आहे. जर्मन मजकुरात दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात आणि हजार तोडायला टिंब. बर्लिनची लोकसंख्या तिथे ३,७ मिलियन अशी लिहिलेली दिसेल, ते ३.७ आहे, म्हणजे ३७ लाख.

इथवर सगळी अंकगणिताची बाजू झाली, आणि खरं सांगायचं तर ती सोपी आहे. रूपांतर अचूक करूनही तुलना साफ चुकते ती वेगळ्याच कारणाने. ‘पुणे पॅरिसपेक्षा मोठं’ हे विधान घ्या. पॅरिस शहराची लोकसंख्या साधारण २.१ मिलियन, म्हणजे २१ लाख. पुणे महापालिकेची २०११ची लोकसंख्या ३१.२४ लाख. म्हणजे पुणे दीडपट! रूपांतरात कुठेही चूक नाही. पण पॅरिस ‘शहर’ म्हणजे जेमतेम १०५ चौरस किलोमीटरचा, वर्तुळाकार रस्त्याच्या आतला जुना भाग. त्याला खेटून असलेली उपनगरं कागदोपत्री वेगळी गावं आहेत. ती सगळी धरली की सलग वस्तीची लोकसंख्या एक कोटीच्या पुढे जाते. पुण्याचं तेच करून पाहा. पिंपरी-चिंचवड, छावण्या आणि आसपासची गावं धरून २०११चं नागरी संकुल साधारण ५०.५ लाखांचं होतं. आता पॅरिस दुपटीने मोठं निघालं. एकाच प्रश्नाची दोन विरुद्ध उत्तरं आली, आणि चारही आकडे खरे.

म्हणून आकडा लाखात आणण्याआधी मी विचारतो, हा आकडा कशाचा आहे? महापालिकेच्या हद्दीचा की नागरी संकुलाचा? मुंबईच्या बाबतीत हा फरक फारच मोठा आहे. १,२४,४२,३७३ हा बृहन्मुंबईचा, म्हणजे मुंबई शहर (३०,८५,४११) आणि मुंबई उपनगर (९३,५६,९६२) या दोन जिल्ह्यांच्या बेरजेचा आकडा. त्याच जनगणनेत ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली वगैरे धरून मुंबईचं नागरी संकुल १.८४ कोटींचं आहे. आणि संयुक्त राष्ट्रांच्या २०१८च्या शहरीकरणाच्या अहवालात मुंबई २० मिलियनची, म्हणजे २ कोटींची आहे, कारण तो संकुलाचा आणि २०१८ सालचा अंदाज आहे. त्याच अहवालात टोकियो ३७ मिलियन आहे. आता ‘टोकियो ३.७ कोटी, मुंबई १.२४ कोटी, तिप्पट’ असं कुणी लिहिलं, तर एकीकडे अख्खं महानगर आणि दुसरीकडे फक्त महापालिका अशी ती तुलना आहे. टोकियोच्या ३.७ कोटींसमोर मुंबईचे २ कोटी ठेवायचे. फरक राहतोच, पण तिप्पट नाही, दुपटीहून थोडा कमी.

तुमच्या मूळ प्रश्नातली जोडी मात्र बरीचशी जुळणारी आहे. लंडनचे ८८ लाख हे बृहद् लंडनचे, म्हणजे बरो नावाचे ३२ प्रशासकीय विभाग आणि सिटी ऑफ लंडन धरून. (नुसतं सिटी ऑफ लंडन बघायला गेलात तर तिथे २०२१ला जेमतेम साडेआठ हजार माणसं राहत होती. ‘सिटी’ शब्द बघून तो आकडा उचललात तर संपलंच.) दोन्ही प्रशासकीय हद्दी आहेत आणि दोन्ही जनगणनेचे आकडे आहेत. फक्त वर्षांत दहाचा फरक आहे: मुंबई २०११, लंडन २०२१. आपली २०२१ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे हे टळत नाही. दोन्ही वर्षं आकड्यांशेजारी लिहून टाकायची. लंडनचा २०११चा आकडा घेऊन जोडी जुळवायची असेल तर तो साधारण ८१.७ लाख आहे. मग मुंबई दीडपटीहून थोडी जास्त भरते.

राहिला प्रश्न आकडे ढोबळ करण्याचा. मिलियन हे मोठं माप आहे, त्यात दशांशाचं एक घर म्हणजे एक लाख माणसं. मुंबईला ‘१२ मिलियन’ म्हटलं की ४.४ लाख माणसं गायब होतात. लंडनला ‘९ मिलियन’ म्हटलं की दोन लाख वाढतात. या दोन ढोबळ आकड्यांवरून गुणोत्तर काढलं तर मुंबई ३३ टक्क्यांनी मोठी येते, पूर्ण आकड्यांवरून ४१ टक्क्यांनी. म्हणून गुणोत्तर किंवा टक्केवारी काढायची असेल तर आधी पूर्ण आकडे घ्या आणि ढोबळ फक्त उत्तर करा.

याच्या उलटही होतं. कुठेतरी ‘९ मिलियन’ एवढंच लिहिलेलं असतं आणि मराठीत येताना त्याचे ‘९०,००,०००’ होतात, शून्यांसकट, जणू कुणी मोजून आलंय. तो आकडा ८५ लाखांपासून ९५ लाखांपर्यंत काहीही असू शकतो. तिथे ‘सुमारे ९० लाख’ लिहायचं. ८.८ मिलियन असेल तर ‘सुमारे ८८ लाख’. मुळातच एक दशांश घर दिलं असल्याने इथे लाखापर्यंत भरवसा ठेवता येतो, हजारापर्यंत नाही.