राजीनामा दिल्यावर सगळे बदलले, उरलेले दोन महिने कसे काढू?

प्रश्न: राजीनामा देऊन महिना झाला. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे. मॅनेजर धड बोलत नाही, मीटिंगला बोलवत नाही, टीममधलेही तुटक वागतात. रोज सकाळी ऑफिसला जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. उरलेले दोन महिने कसे काढू?

उत्तर:

सगळ्यात आधी, बदललेल्या वागण्यातलं नेमकं काय तुमच्याबद्दल आहे ते वेगळं काढा. पुढच्या तिमाहीच्या नियोजनातून वगळणं, नवीन काम न देणं, ग्राहकाशी बोलायला दुसऱ्याला पुढे करणं, काही सिस्टिमचा अ‍ॅक्सेस काढून घेणं, हे जाणाऱ्या बहुतेक माणसांच्या बाबतीत होतं. दोन महिन्यांनी जो नसणार त्याच्या भरवशावर कोणी पुढची कामं आखत नाही. पण अडचण अशी, की हे कोणी तोंडाने सांगत नाही. कॅलेंडरमधून मीटिंग गुपचूप गायब होते आणि आपण रात्रभर त्याचा अर्थ लावत बसतो. नमस्काराला उत्तर न देणं, चारचौघांत टोमणे मारणं, जुन्या चुका तुमच्या नावावर ढकलणं, रिलीव्हिंग लेटर अडवण्याची गर्भित धमकी देणं, हे मात्र वेगळं. ते चुकीचंच आहे, आणि त्याचा त्रास होतो म्हणजे तुम्ही हळवे आहात असं अजिबात नाही.

मॅनेजरची बाजू एकदा समजून घेतली की निम्मा संभ्रम जातो. तुमच्या जागी आज कोणाला निवडलं, तरी त्या माणसालाही त्याच्या ठिकाणी नोटीस पिरियड भरावा लागेल. म्हणजे तुम्ही गेल्यावर ती खुर्ची बहुधा काही काळ रिकामीच राहणार आहे, आणि त्याचा जाब वरच्यांना मॅनेजरने द्यायचा आहे. सहकाऱ्यांचंही तसंच. तुमचं काम आपल्याच गळ्यात पडणार हे त्यांना कळलेलं असतं. एखाद्याच्या मनात स्वतःचाच राजीनामा घोळत असतो, म्हणून तो तुमच्या जवळ दिसायला नको म्हणतो.

मी एका कंपनीत महिनाअखेरच्या ताळमेळाचं काम बघत होते. तिथे माझीही नोटीस तीन महिन्यांची होती. पहिला निम्मा काळ मॅनेजर माझ्याशी जवळजवळ बोललेच नाहीत. हातात काम नाही, कोणी काही विचारत नाही. आणि मग शेवटाकडे, काम दुसऱ्याला शिकवून सोपवण्याबद्दल म्हणजे केटीबद्दल, अचानक वाक्य आलं, "तुझी केटी पूर्ण झालेली नाही, तारीख पुढे ढकलावी लागेल." लांब नोटीस पिरियडमधला खरा धोका हा आहे. आधी शांतता, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत सगळं खापर. सध्याचा अबोला तुम्हाला खुपतोय, पण जपायचं आहे ते या दिवसापासून.

मला तारलं ते एका साध्या शीटने. प्रत्येक कामासमोर चारच गोष्टी: काम कोणाकडे दिलं, दाखवलं कधी, त्या माणसाने स्वतः करून पाहिलं कधी, आणि काय अडलं. यातला तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. नुसतं दाखवून केटी होत नाही. मी ताळमेळाचा अहवाल एका सहकाऱ्याला करून दाखवला, तो "समजलं" म्हणाला. पुढच्या महिनाअखेरीला तो स्वतः करायला बसला आणि तिसऱ्याच पायरीवर थांबला, कारण एका विभागाची फाइल आलेलीच नव्हती. ती दर वेळी उशिरा यायची, आणि मी आदल्या दिवशी फोन करून मागवून घ्यायची. हा फोन कुठल्याच दस्तऐवजात नव्हता, सवयीने होत होता. तो त्या दिवशी लिहिला गेला.

तीन महिन्यांच्या नोटिशीत सहसा तीन महिनाअखेरी मिळतात. पहिलीला काम तुम्ही करायचं आणि ज्याच्याकडे ते जाणार त्याने बघायचं. दुसरीला त्याने करायचं, तुम्ही शेजारी बसायचं, पण कीबोर्डला हात लावायचा नाही. तिसरी त्याने एकट्याने करायची, तुम्ही फक्त विचारलं तर सांगायचं. तुमचं काम महिन्याच्या चक्रात नसेल तर आठवड्याचं चक्र धरा. तुमचा पहिला महिना गेला असला तरी दोन फेऱ्या हातात आहेत. तेवढ्या पुरतात.

आणि दर शुक्रवारी मॅनेजरला एक छोटा मेल. माझा साधारण असा असायचा:

"या आठवड्यात ताळमेळाचा अहवाल त्याने स्वतः पूर्ण केला. फाइल उशिरा आल्यास काय करायचं ते शीटमध्ये लिहिलं आहे. विक्रेत्यांच्या थकबाकीचं काम अजून कोणाकडे द्यायचं ते ठरलेलं नाही, बुधवारपर्यंत नाव कळवावं. माझा शेवटचा दिवस ठरल्याप्रमाणे कायम आहे."

उत्तर येवो न येवो, मेल जायलाच हवा. त्यात तक्रार नको, भावना नको. "नाव कळवावं" या वाक्याने चेंडू त्यांच्याकडे जातो आणि कधी गेला याची नोंद राहते. तारीख पुढे ढकलायची गोष्ट निघाली तेव्हा मी वाद घातला नाही. शीट आणि ते मेल एकत्र करून मॅनेजर व एचआर दोघांना पाठवले आणि विचारलं, की यातलं नेमकं कोणतं काम बाकी आहे? दोन किरकोळ गोष्टी निघाल्या. त्या केल्या आणि ठरलेल्या तारखेलाच सुटले.

मॅनेजरशी समोरासमोर एकदाच बोला, वीस मिनिटं मागून घ्या. "तुम्ही माझ्याशी असं का वागता" हा विषय काढू नका, समोरचा लगेच बचावात जातो. त्याऐवजी विचारा, "मी जाण्याआधी कोणत्या तीन गोष्टी माझ्याकडून पूर्ण झालेल्या हव्यात?" ते काय म्हणाले ते त्याच दिवशी मेलवर टाका. नवीन कंपनी, तिथला पगार, इथल्या उणिवा, यावर ऑफिसात कोणाशीच बोलू नका, जवळच्या मित्राशीही नाही.

सहकाऱ्यांचं मन वळवायच्या मागे लागू नका. ज्याच्याकडे तुमचं काम जातंय त्याला मनापासून शिकवा. माझ्या बाबतीत सगळ्यात तुटक वागणारा तोच सहकारी, तो फाइलचा घोळ सुटल्यावर आपणहून बोलायला लागला. सगळे तसे वळतील असं नाही. दोघं-तिघं शेवटपर्यंत गप्पच राहिले.

टोमणे किंवा धमक्या असतील तर तारीख, शब्द आणि कोण हजर होतं, एवढं त्याच दिवशी लिहून ठेवा आणि एचआरला लेखी कळवा. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. नोटीस संपायची वाट बघू नका. लवकर सुटायचं असेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे भरून निघता येतं का, हे नेमणूकपत्रात बघा आणि नवीन कंपनी तो खर्च उचलेल का ते विचारा. रजा घेण्याआधी मात्र नियम वाचा, काही ठिकाणी नोटीस काळातल्या रजेचे दिवस शेवटच्या तारखेत वाढवतात. पगारपत्रकं, रजेची शिल्लक आणि राजीनामा स्वीकारल्याचा मेल याच आठवड्यात उतरवून घ्या, कारण शेवटच्या दिवशी मेलचा अ‍ॅक्सेस कधीही बंद होतो. कंपनीच्या कामाची एकही फाइल मात्र स्वतःकडे घेऊ नका.