तेराव्या वर्षी ताट अर्धं करू नका

प्रश्न : मुलगा 13 वर्षांचा आहे, आठवीत. उंची 150 सेंमी, वजन 56 किलो. वर्गातली मुलं चिडवतात म्हणून त्याने मोबाइलवर कॅलरी मोजायचं ॲप घेतलंय. रोज 1500 च्या आत राहायचं म्हणतो आणि रात्री जेवतच नाही. वजन कमी व्हायला हवं हे मलाही पटतं. मग करू द्यावं का?

उत्तर : नका करू देऊ. पण ॲप हिसकावूनही घेऊ नका. का, ते सांगते.

मी आहारतज्ज्ञ आहे आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे. नवीन असताना एका चौदा वर्षांच्या मुलीला 1400 कॅलरींचा तक्ता लिहून दिला होता. मोठ्या बायकांना द्यायचे तसाच, नाव बदलून. तीन महिन्यांत सहा किलो उतरले, आई खूश, मीही खूश. मग आईने जाता जाता सांगितलं की दोन महिने पाळी आलेली नाही. मी फाइल उघडली तर उंचीच्या रकान्यात पहिल्या दिवसाचाच आकडा होता. तीन महिन्यांत तिची उंची मोजायचं मला सुचलंच नव्हतं. तेव्हापासून वयात येणाऱ्या मुलांना मी कॅलरीचा आकडा देत नाही.

तुमच्या मुलाचं वजन त्याच्या वयाला जास्त आहे, हे खरं. पण ते कमी करायलाच हवं असं नाही. हिशोब करून बघा. आज त्याचा बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, येतो 24.9. मुलग्यांची उंची साधारण तेरा-चौदाव्या वर्षी सगळ्यात जोरात वाढते. समजा, दीड वर्षात तो 160 सेंमी झाला आणि वजन तीनच किलो वाढून 59 वर आलं, तर बीएमआय होतो 23. एक किलोही न घटवता. वजन रोखून धरायचं आणि उंचीला पुढे जाऊ द्यायचं, एवढंच आपल्याला करायचंय. मोठ्या माणसाकडे ही सोय नसते, म्हणून त्याला गरजेपेक्षा कमी खाऊन तूट काढावी लागते. (बीएमआयही मोठ्यांच्या तक्त्यावर बघू नका. मुलांसाठी वय आणि लिंगानुसार वेगळे तक्ते असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे 2015 चे तक्ते तुमच्या डॉक्टरांकडे असतील.)

आता तो 1500 चा आकडा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीत 13 ते 15 वर्षांच्या, बऱ्यापैकी हालचाल करणाऱ्या मुलग्याची गरज 2860 कॅलरी धरली आहे. तुमचा मुलगा कमी हलत असेल तर थोडी कमी, पण 1500 म्हणजे जवळपास निम्मं ताट झालं. याच वयात हाडं भरतात, स्नायू येतात, रक्त वाढतं. ताट निम्मं झालं की चरबीबरोबर स्नायूही जातात आणि वाढ मंदावू शकते. शिवाय कॅल्शियम आणि लोहही त्याच ताटातून यायचं असतं. आणि भूक गप्प बसत नाही. रात्री न जेवलेला मुलगा अकरा वाजता फरसाणाचा डबा घेऊन बसतो, मग त्याला स्वतःचीच लाज वाटते, दुसऱ्या दिवशी तो आणखी कमी खातो. उपाशी राहणं आणि हादडणं हे चक्र एकदा बसलं की सोडवायला फार वेळ लागतो. वजनापेक्षा मला त्याचीच जास्त धास्ती वाटते.

मग करायचं काय? माझ्याकडे येणाऱ्या आठवी-नववीच्या मुलांचा दिवस साधारण असा असतो. सकाळी चहा-बिस्किट, डबा अर्धा परत, पाचला घरी येतो तेव्हा पोटात आग, मग वडापाव नाहीतर चिप्स आणि कोल्ड्रिंक. तिथून क्लास. साडेनऊला टीव्हीसमोर जेवण, बाराला झोप. हा दिवस दुरुस्त करायचा तर मी पाच वाजल्यापासून सुरुवात करते. त्या वेळी घरात खरं जेवण तयार असू द्या. पोळी-उसळ, दोन अंडी आणि भाकरी, थालीपीठ-दही, काहीही. पोटभर. मग वडापावची ओढ आपोआप कमी होते, रात्रीचं जेवण आठ-साडेआठला हलकं होतं आणि सकाळी भूक लागते. सकाळी भूक लागणं ही पहिली चांगली खूण. कोल्ड्रिंक मात्र घरात आणूच नका, कोणासाठीच. पाव लिटरच्या बाटलीत पाचेक चमचे साखर असते आणि पोट भरत नाही.

काय शिजवायचं आणि कधी वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. "अजून एक पोळी?" असं भुवया उंचावून विचारू नका. त्याच्यासाठी वेगळं 'डाएटचं' करू नका, सगळ्यांना तेच. आणि जेवताना फोन नको, बाबांचाही.

हालचाल रोज तासभर हवी, जागतिक आरोग्य संघटनाही या वयाला तेवढीच सांगते. सलग नसली तरी चालते. सायकलने क्लासला जाणं वीस मिनिटं, खाली कबड्डी किंवा फुटबॉल चाळीस मिनिटं, झालं की. आठवड्यातून तीन दिवस त्यात उड्या, धावणं, दंड-बैठका असं काही असावं, हाडं त्यानेच बळकट होतात. जाड मुलगा धावण्यात मागे पडतो आणि परत चिडवला जातो, म्हणून मी अशा मुलांना बरेचदा पोहणं, कुस्ती किंवा ज्युडो सुचवते. तिथे त्याचं वजन त्याच्या बाजूने असतं. "वडापाव खाल्लास ना, मग मार दहा फेऱ्या" हे मात्र कधीच नको. व्यायाम शिक्षा झाला की अठराव्या वर्षी सुटतो. झोप आठ ते दहा तास. फोन दहाला हॉलमध्ये चार्जिंगला.

घरातला वजनकाटा कपाटावर टाका. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे उंची आणि वजन दोन्ही मोजा. आजी-मामा लाडाने 'गोलू' म्हणत असतील तर त्यांना बाजूला घेऊन थांबवा. तुम्ही स्वतः आरशासमोर "किती सुटलेय मी" म्हणत असाल तर तेही थांबवा, तो ऐकतोय. शाळेतल्या चिडवण्याबद्दल वर्गशिक्षकांना भेटा. ते वजनाने सुटणारं नाही, बारीक झाला तर दुसरं नाव ठेवतील.

डॉक्टरांकडे लवकर जायचं ते कधी? मानेच्या घड्या काळ्या-मखमली दिसत असतील, झोपेत जोरात घोरत असेल, किंवा वजन वाढतंय पण उंची थांबलीय असं असेल तर. आणि उलट्या बाजूने : भराभर वजन उतरणं, सारखी थंडी वाजणं, उभं राहताना चक्कर, जेवण लपवणं, जेवून लगेच बाथरूम गाठणं. यातलं काही दिसलं तर थांबू नका, त्याच आठवड्यात जा.

ॲपबद्दल त्याच्याशी बोलाल तेव्हा आधी विचारा, वर्गात काय म्हणतात ते. पूर्ण ऐका, मध्ये उपाय सांगू नका. मग वरचा उंचीचा हिशोब त्यालाच कॅल्क्युलेटरवर करायला लावा. आठवीतल्या मुलाला तो समजतो, आणि माझ्या समोर दोघातिघांनी तो करून झाल्यावर आपणहून ॲप काढून टाकलंय.