नोटिशीतला आकडा कुणाचा, ते आधी बघा

प्रश्न: रिटर्नमधलं उत्पन्न आणि थर्ड पार्टीकडून आलेली माहिती जुळत नाही अशी इन्कम टॅक्सची नोटीस आलीय. ती नेमकी कशी वाचायची? सरळ टॅक्स भरून मोकळं व्हावं का?

नाही, आधी भरायचं नाही. आधी फरक कुठून आला ते शोधायचं. नोटिशीत एकच एकूण आकडा असतो आणि लोक तो बघूनच घाबरतात, खरी गोष्ट एआयएसमध्ये, म्हणजे इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, त्या रकमेची ओळ उघडल्यावर कळते, कुठल्या बँकेने, कुठल्या खात्यावर, किती कळवलं ते तिथे असतं.

मला 2022-23 या वर्षासाठी असंच आलं होतं. मी व्याज 64,000 दाखवलेलं, त्यांच्याकडे 1,12,000. फरक 48,000. एआयएसमध्ये ओळ उघडली तर पूर्ण 48,000 एकाच एफडीवरचे, आणि ती एफडी आईची. बाबा गेल्यावर त्यांचे पैसे तिने ठेवले, तिला बँकेत जायला जमत नव्हतं म्हणून पहिलं नाव माझं आणि दुसरं तिचं. जॉइंट एफडी असली की बँक व्याज पहिल्या नावाच्या पॅनवर कळवते आणि टीडीएसही त्याच पॅनवर कापते, पैसे कुणाचे आहेत हे बँकेला ठाऊक नसतं. त्यामुळे 4,800 टीडीएससुद्धा माझ्या 26एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या टीडीएसच्या पत्रकात, आला होता. तो मी रिटर्नमध्ये मागितला नव्हता आणि आईने ते 48,000 स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवलेले होते. या दोन गोष्टींवरच माझी बाजू उभी राहिली. व्याज माझं नाही म्हणायचं आणि त्यावरचा टीडीएस मात्र आपण घ्यायचा, असं केलं असतं तर कुणी ऐकलं नसतं.

आमचे दाजी तेव्हा म्हणाले, "अरे भरून टाक, पंधरा हजारांसाठी त्यांच्याशी कशाला वाद घालतोस?" मी 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, म्हणजे सेस धरून 14,976 टॅक्स. सुधारित रिटर्नची 31 डिसेंबरची मुदत संपलेली, म्हणजे अपडेटेड रिटर्न भरावं लागलं असतं, त्यात वर व्याज आणि पहिल्या वर्षात भरलं तरी टॅक्स अधिक व्याजावर आणखी 25 टक्के. आणि तिकडे आई सीनियर सिटिझन, जुन्या पद्धतीत तिला 80टीटीबीखाली व्याजावर 50,000 पर्यंत वजावट मिळते, तिला त्यावर एक रुपया टॅक्स लागत नव्हता. एकच व्याज दोन रिटर्नमध्ये दाखवायचं, हा कुठला शहाणपणा?

मी एआयएसमध्ये त्या ओळीवर फीडबॅक दिला, पर्याय `Information relates to other PAN/Year`, आईचा पॅन आणि रक्कम टाकली. मग नोटिशीच्या उत्तरात तेच चार ओळींत लिहिलं, सोबत आईच्या खात्यातून एफडीसाठी पैसे गेल्याचं स्टेटमेंट आणि तिच्या रिटर्नची प्रत. फीडबॅक दिला म्हणजे नोटिशीला उत्तर दिलं असं होत नाही, दोन्ही वेगळं करावं लागतं. बँक तुमचा फीडबॅक नाकारूही शकते, कारण तिच्या नोंदीत पहिलं नाव तुमचंच असतं. त्याने उत्पन्न तुमचं ठरत नाही, पण मग कागद भक्कम लागतात. पुढच्या वर्षापासून बँकेला नियम 37बीएप्रमाणे डिक्लरेशन दिलं, टीडीएस आता आईच्या पॅनवर जातो.

नोटीस कुठल्या कलमाखाली आहे ते मात्र आधी वाचा. पोर्टलवरचा ई-कॅम्पेनचा मेसेज ही फक्त विचारणा असते, पण 143(1)(अ) असेल तर 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर ते त्यांचा बदल लावून टाकतात.

आणि हेही सांगतो, माझं उदाहरण बघून कुणीही "आईचं आहे" असं लिहू नका. पैसे तुमचे आणि एफडी बायकोच्या नावावर असेल तर कलम 64 मुळे व्याज तुमचंच धरतात. खरंच राहून गेलेलं व्याज असेल तर दाजींचा सल्ला बरोबर आहे, अपडेटेड रिटर्न भरा आणि विषय संपवा.

पण माझ्या केसमध्ये तो चूकच होता. मी टॅक्स भरला असता म्हणजे ही एफडी माझी असं स्वतःच्या सहीने लिहून दिलं असतं. ते पैसे आईचे आहेत आणि तिच्यानंतर त्यात ताईचा माझ्याइतकाच वाटा आहे. तिच्या नवऱ्यालाच हे दिसू नये, याचं मला अजून वाईट वाटतं.