कमी पाणी, व्ही-नॉच आणि घातांकाचा एक जुना वाद

प्रश्न: व्ही-नॉच आणि ब्रॉड क्रेस्टेड वेअर, दोन्हींवरून विसर्ग कसा काढायचा? कमी पाण्याला कोणता वापरावा आणि जास्त पाण्याला कोणता?

विसर्ग म्हणजे सेकंदाला वाहणारं पाणी, सूत्रातला Q. व्ही-नॉच म्हणजे पत्र्यात कापलेली त्रिकोणी खाच, आणि ब्रॉड क्रेस्टेड वेअर म्हणजे रुंद, सपाट माथ्याचा बांध; पुढे त्याला रुंद माथा म्हणतो. सूत्रं तुमच्याकडे असतीलच, तरी पुढचे आकडे पडताळता यावेत म्हणून देतो. सगळं मीटर आणि सेकंदात.

```
V-notch (90°):   Q = 1.38 * H^2.5
Broad-crested:   Q = 1.7 * C * b * H^1.5
```

b ही प्रवाहाला आडवी रुंदी. C हा गुणांक माथ्याच्या, पाणी येतं त्या बाजूच्या कडेवर ठरतो: कड काटकोनी असेल तर ०.८५ च्या आसपास, गोलाई दिली असेल तर ०.९५ च्या आसपास. H ही वरच्या बाजूच्या संथ पाण्याची उंची, नॉचच्या टोकापासून किंवा माथ्याच्या पातळीपासून धरलेली. कमी पाण्याला व्ही-नॉच आणि जास्त पाण्याला रुंद माथा, हे उत्तर परीक्षेत पूर्ण गुण देतं. पण ते असं का, याचं कारण बहुतेक जण चुकीचं सांगतात आणि त्या चुकीच्या कारणापायी मी एका गावाची नळ योजना कोरडी पडलेली पाहिली आहे. म्हणून जरा लांबण लावतो.

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचं गाव. वर एक बारमाही झरा, त्याचा ओहोळ खाली येतो, आणि ओहोळावर जुना सिमेंट नाला बंधारा आहे. सांडव्याची रुंदी तीन मीटर, माथ्याची प्रवाहाच्या दिशेतली लांबी साठ सेंटिमीटर. मी तेव्हा पाणलोटाच्या कामावर होतो. झऱ्याचं पाणी गुरुत्वाने नळातून गावात आणायची योजना मंजूर होत होती आणि त्यासाठी उन्हाळ्यातला विसर्ग हवा होता. योजनेचे अभियंता साहेब मार्चमध्ये आले, सांडव्यावर उभे राहिले, पाणी जिथे सगळ्यात जाड दिसत होतं तिथे पोलादी पट्टी टेकवली आणि 'एक सेंटिमीटर' म्हणून लिहून घेतलं. C एक धरून १.७ गुणिले ३ गुणिले ०.०१ चा दीड घात, म्हणजे सेकंदाला ५.१ लिटर. दिवसाचे झाले ४ लाख ४० हजार लिटर. गावाची वस्ती दीड हजार, माणशी ५५ लिटर धरले तर गरज ८२,५०० लिटर. पाणी पाचपट दिसतंय म्हटल्यावर शेजारच्या दोन वाड्याही योजनेत घेतल्या गेल्या.

मी त्याच आठवड्यात बंधाऱ्याच्या वर, ओहोळ अरुंद आहे तिथे, लोखंडी पत्र्याचा काटकोनी व्ही-नॉच बसवला. पत्रा उभा, ओळंब्यात. कडेने आणि खालून चिकणमाती आणि प्लास्टिकचा कागद घालून गळती बंद केली. नॉचची कड खालच्या बाजूने तासून धारदार केली, म्हणजे पाणी पत्र्याला चिकटून न उतरता सुटून पडतं आणि धारेच्या मागे हवा राहते. मोजपट्टी नॉचवर लावली नाही. नॉचजवळ पाणी खाली वाकायला लागलेलं असतं, म्हणून पट्टी दोन मीटर वर रोवली आणि नॉचच्या टोकाची पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून तिथे नेली. पाणी अडवून नॉचमधून थेंब थांबला की तोच शून्य, असं काही जण करतात. ते करू नका. पृष्ठताणामुळे पाणी टोकाच्या काही मिलिमीटर वरच थांबतं आणि सगळी वाचनं तेवढी कमी येतात.

पाणी स्थिरावल्यावर पट्टीवर साडेसहा सेंटिमीटर आले. सूत्राने सेकंदाला १.४९ लिटर, दिवसाला सुमारे १ लाख २८ हजार. खात्रीसाठी नॉचच्या धारेखाली वीस लिटरची बादली धरली, ती साडेतेरा सेकंदात भरली. बादलीचा विसर्ग १.४८ लिटर. यापुढे वादाला जागा उरायला नको होती.

पण साहेबांचं म्हणणं वेगळंच होतं आणि ते पुस्तकी होतं. ते म्हणाले, व्ही-नॉचमध्ये H चा घातांक २.५ आहे, रुंद माथ्यात १.५. H मोजताना एक टक्का चूक झाली तर व्ही-नॉचचा विसर्ग अडीच टक्के चुकतो, रुंद माथ्याचा फक्त दीड टक्का. म्हणजे रुंद माथाच जास्त अचूक, आणि तुमची बादली हे काही शास्त्र नव्हे. अहवालात त्यांचाच आकडा गेला.

यातलं गणित बरोबर आहे, निष्कर्ष चूक आहे. एक टक्का कशाचा, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. मोजपट्टीवर आपली चूक टक्क्यांत होत नाही, मिलिमीटरमध्ये होते. धरा दोन मिलिमीटर. १.४९ लिटरचा तोच विसर्ग व्ही-नॉचमध्ये ६५ मिलिमीटर चढतो, कारण खाली वाट अरुंद आहे. दोन मिलिमीटर म्हणजे तीन टक्के, अडीचपट करून विसर्गात आठ टक्क्यांच्या आत चूक. तेच पाणी तीन मीटर माथ्यावर सारखं पसरलं तर, साहेबांसारखाच C एक धरून, H भरते साडेचार मिलिमीटरसुद्धा नाही. त्यात दोन मिलिमीटरची चूक म्हणजे पंचेचाळीस टक्के, दीडपट करून सदुसष्ट-अडुसष्ट टक्के. घातांक लहान असून काय उपयोग, मुळात मोजायला उंचीच उरलेली नाही.

आणि पाणी सारखं पसरतही नाही. त्या माथ्याचा गिलावा एका बाजूला खचलेला होता, पाणी निम्म्याहून कमी रुंदीतून जात होतं आणि बाकीचा माथा नुसता ओला होता. साहेबांनी जाडी घेतली खचलेल्या जागेची आणि रुंदी धरली पूर्ण तीन मीटर. शिवाय सूत्रातली H ही माथ्यावरच्या थराची जाडी नसतेच. रुंद माथ्यावर पाणी क्रांतिक खोलीने जातं, आणि ती वरच्या H च्या दोन तृतीयांश असते. म्हणजे माथ्यावरच्या एक सेंटिमीटरवरून नियमाप्रमाणे H काढली असती तर ती दीड आली असती आणि त्याच हिशेबाने विसर्ग नऊ लिटरच्या वर गेला असता. एक चूक दुसरीला झाकत होती, इतकंच.

तिसरी गोष्ट पुस्तकात असते, पण वाचली जात नाही. रुंद माथ्याचं सूत्र लागू व्हायला H आणि माथ्याची प्रवाहाच्या दिशेतली लांबी यांचं प्रमाण साधारण ०.०८ ते ०.३३ मध्ये असावं लागतं. त्याखाली माथ्याचं घर्षण पाण्यावर राज्य करतं आणि गुणांकाला अर्थ राहत नाही. त्यावर गेलं की माथ्यावर प्रवाह समांतर राहत नाही, माथा रुंद म्हणवण्याजोगा उरत नाही आणि गुणांक चढायला लागतो. साठ सेंटिमीटरच्या माथ्यावर ही मर्यादा पाच ते वीस सेंटिमीटर. एक सेंटिमीटर त्यात कुठेच बसत नाही.

एप्रिलअखेर माझ्या नॉचवर पाच सेंटिमीटर पाणी होतं. सेकंदाला ०.७७ लिटर, दिवसाला ६६ हजार. मूळ गावाची गरजसुद्धा त्यात भागत नव्हती, मग वाड्यांच्या नळाला पाणी कुठून येणार? टँकर सुरू झाले आणि 'झरा आटला' असा शेरा पडला. झरा आटला नव्हता. तो दर उन्हाळ्याला उतरतो तेवढाच उतरला होता. कागदावरचं पाणी त्यात कधी नव्हतंच. त्या शेऱ्याचा मला आजही राग येतो, कारण त्यात दोष डोंगरावर टाकला गेला.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, मोठं पाणी. तोच बंधारा जुलैत घ्या. वर वीस सेंटिमीटर H, C ०.८५, रुंदी तीन मीटर: विसर्ग सेकंदाला सुमारे ३९० लिटर. दोन मिलिमीटरची चूक इथे दीड टक्का. झकास मोजमाप. एवढंच पाणी काटकोनी व्ही-नॉचमधून काढायचं तर H लागते साठ सेंटिमीटर. तिथे दोन मिलिमीटरची चूक एक टक्क्याच्याही आत, म्हणजे अचूकतेत व्ही-नॉच मोठ्या पाण्यालाही हरत नाही! मग तो का नको? कारण वरचं पाणी साठ सेंटिमीटर तुंबवावं लागतं, खालचं पाणी टोकाच्या खाली राहील एवढी पडती जागा लागते, आणि पुराबरोबर आलेल्या फांद्या बरोबर त्या कोनात अडकतात. दगडगोटे पत्रा वाकवतात, मागे गाळ भरला की पाणी वेगात येऊन आदळतं आणि सूत्र बिघडतं. रुंद माथ्यावरून हे सगळं सरकून जातं, आणि खालचं पाणी काही प्रमाणात माथ्याच्या वर चढलं तरी विसर्ग बदलत नाही. मोठ्या पाण्याला रुंद माथा घ्यायचा तो एवढ्यासाठी, घातांकासाठी नव्हे. आपल्याकडे कालव्यांच्या वितरिका-चाऱ्यांवर पाणी वापर संस्थांना मोजून देताना स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम बसवतात, तोही याच कुळातला.

व्ही-नॉच जेम्स थॉमसन यांनी एकोणिसाव्या शतकात बेलफास्टमध्ये मांडला. लॉर्ड केल्विनचे थोरले बंधू. त्यांची नजर यावर होती की त्रिकोणात पाणी कमी असो की जास्त, प्रवाहाचा आकार तोच राहतो, फक्त लहानमोठा होतो. त्यामुळे गुणांक जवळपास स्थिर राहतो. रुंद माथ्यावर थर पातळ होत गेला की आकारच बदलतो.

तुमच्या भागात अशी योजना होत असेल तर विसर्गाचा आकडा मागू नका, मोजणीची चिठ्ठी मागा. H किती, पट्टी कुठे लावली, माथ्याची लांबी किती, महिना कोणता. 'सांडव्यावर १ सेंमी' असं काही लिहिलेलं दिसलं तर पुन्हा मोजायला लावा, आणि सेकंदाला दोन-तीन लिटरपर्यंत पाणी असेल तर बादली आणि घड्याळ घेऊन स्वतः हजर राहा.

एक गोष्ट माझ्याच आकड्यांबद्दल. काटकोनी नॉचवर सहा सेंटिमीटरच्या खाली गुणांक थोडा चढतो आणि धार पत्र्याला चिकटू लागते, त्यामुळे एप्रिलचं वाचन बादलीने ताडूनच धरलं होतं. झरा एवढा बारीक होणार हे आधी माहीत असेल तर अर्ध्या क्षमतेचा नॉच कापा: कोन सुमारे ५३ अंश, सूत्रात १.३८ च्या जागी ०.६९. तेवढ्याच ०.७७ लिटरला मग साडेसहा सेंटिमीटर उंची मिळते. वरच्या टोकाला, नेहमीच्या पत्र्यावर काटकोनी नॉच ३८ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे सेकंदाला १२० लिटरच्या आसपास चालतो. त्यापुढे पाणी असेल आणि जागा सपाट असेल तर पत्र्याच्या भानगडीत न पडता माथाच बांधा. मात्र तो लेव्हल लावून एकाच पातळीत घ्या, पाणी येतं त्या बाजूच्या कडेला गोलाई द्या आणि पट्टी माथ्यावर नव्हे, वरच्या संथ पाण्यात रोवा.