गार काकवी चढवायला कोणता पंप?

प्रश्न: शहाद्याजवळ आमचं गुऱ्हाळ आहे. काकवी खालच्या टाकीतून वरच्या टाकीत चढवायची आहे. विहिरीवरची मोनोब्लॉक लावली तर चालेल का, की गिअर पंपच घ्यावा? मित्राच्या तेलघाण्यावर तर मोनोब्लॉकच चालते.

भाऊ, गिअर पंपच घ्या, तोही स्टीलचा. मोनोब्लॉक तुम्हाला पहिल्या दिवशी फसवेल. कढईतून नुकतीच उतरलेली काकवी पातळ असते, ती पंखा बऱ्यापैकी ढकलतो. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यातही आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत.

मोनोब्लॉकचा पंखा द्रवाला वेग देतो आणि त्या वेगाचाच पुढे दाब होतो. दाट मालात तो वेग घर्षणात जिरतो. मग मोटर करंट जास्त खाते, धार बारीक येते आणि पंपाचं अंग तापतं. गिअर पंपात दातांच्या खाचांत मावेल तेवढा माल दर फेरीला पुढे जातो. माल दाट असला तर फटीतून मागे गळतो तोही कमी. म्हणूनच पाण्याला हा पंप नको: पाणी मागे पळतं आणि वंगण नसल्याने दात घासतात.

मित्राचंही चुकत नाही. शेंगदाणा तेल ३० अंशाला पाण्याच्या साधारण पन्नासपट दाट असतं, तेवढं पंखा सोसतो. गार काकवी हजारपटीच्या पुढे सहज जाते.

पण पंपापेक्षा जास्त लोक पाइपात फसतात. समजा काकवी पाण्याच्या दोन हजारपट दाट आहे, तासाला २,००० लिटर न्यायची आहे आणि पाइप १० मीटर आहे. आतून ५० मिलिमीटरच्या पाइपात घर्षणालाच सुमारे ०.७ बार दाब जातो. २५ मिलिमीटरच्या पाइपात तोच साडेअकरा बार होतो, कारण व्यास निम्मा झाला की विरोध सोळापट वाढतो. आणि सक्शनला ओढायला हवेचा दाब मिळतो जेमतेम एक बार. तेव्हा टाकी पंपापेक्षा उंचावर ठेवा, सक्शन आखूड आणि किमान दोन इंची घ्या.

पंप १,४४० फेऱ्यांच्या मोटरला थेट जोडू नका. खाचा भरायला वेळ मिळत नाही, आतून खडे फिरल्यासारखा आवाज येतो. गिअरबॉक्स लावून ३००च्या आसपास फिरवा. तुमच्या कामाला मिनिटाला ३३ लिटरच लागतात.

रिलीफ व्हॉल्व्हचे पैसे मात्र वाचवू नका. पाण्याच्या मोटरला डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा वेळ बंद राहिला तरी चालतं. इथे दाब चढतच जातो आणि कपलिंग तुटतं, नाहीतर पाइप निसटतो. रिलीफची लाइन परत खालच्या टाकीत सोडा.

काम संपलं की पाच-दहा मिनिटं गरम पाणी फिरवा. सीलवर काकवी वाळली तर सकाळी मोटर चालू करताच सील फाटतं.